तपासण्या नॉर्मल, तक्रारी कायम : गरोदरपणातील नैराश्य आणि चिंतेचे एक प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका स्त्रीचे नाही. प्रसूतिपूर्व तपासणीच्या दवाखान्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलेले आहे, म्हणून त्यात नाव, गाव किंवा रुग्णालय दिलेले नाही. गुण, आठवडे आणि औषधाची मात्रा मात्र प्रत्यक्ष उपचारात जशी असते तशीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातील 29 वर्षांची ही स्त्री खासगी शाळेत शिक्षिका होती आणि नवरा, सासू, सासरे, थोरला दीर व जाऊ अशा एकत्र कुटुंबात राहत होती. तिची ही दुसरी खेप. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला 21 व्या आठवड्यात गर्भ पडला होता. कारण सापडले नव्हते. त्या वेळी पंधरा दिवसांत ती शाळेत परत रुजू झाली आणि घरात त्या विषयावर पुन्हा कोणी बोलले नाही, असे तिच्या केसपेपरवर बऱ्याच नंतर नोंदवले गेले. पहिल्या नोंदणीच्या वेळी ‘पूर्वीचा गर्भपात : एक’ एवढीच ओळ लिहिली होती.

या वेळी नवव्या आठवड्यात नाव नोंदवल्यापासून तिने एकही तपासणी चुकवली नाही. अठराव्या आठवड्यात तिने छातीत धडधड होत असल्याची तक्रार केली. ईसीजी काढला, तो व्यवस्थित निघाला. एकविसाव्या आठवड्यात झोप लागत नाही आणि पित्त होते, असे तिने सांगितले. पित्ताची गोळी आणि डाव्या कुशीवर झोपण्याचा सल्ला मिळाला. चोविसाव्या आठवड्यात वजन मागच्या महिन्याइतकेच भरले, हिमोग्लोबिन 10.4 आले, थायरॉइड नॉर्मल आले. रक्तवाढीच्या गोळ्या दिवसाला दोन झाल्या. प्रत्येक भेटीत केलेले उपचार त्या त्या तक्रारीपुरते योग्यच होते. गरोदर स्त्रीत हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात आणि त्यामुळे थकवा व धडधड दोन्ही होऊ शकतात, म्हणून ही तपासणी आधी करणे यात काही चूक नव्हती. उणीव एवढीच राहिली की तीन भेटींतल्या तीन तक्रारी तीन निरनिराळ्या कागदांवर राहिल्या आणि त्या कोणी एकत्र वाचल्या नाहीत.

ओळख कुठे अडते

गरोदरपणातील नैराश्य ओळखायला एक खास अडचण येते. थकवा, अपुरी झोप, जेवणावरची वासना उडणे, रडू येणे, लक्ष न लागणे ही नैराश्याची सर्वमान्य लक्षणे आहेत आणि यांतले प्रत्येक लक्षण निरोगी गरोदर स्त्रीलाही असू शकते. त्यामुळे लक्षण आहे की नाही, एवढे विचारून काहीच हाती लागत नाही. ते कशा प्रकारचे आहे हे विचारावे लागते.

या स्त्रीच्या झोपेचेच उदाहरण घेऊ. सहाव्या-सातव्या महिन्यात लघवीला उठावे लागते, कूस बदलायला त्रास होतो, पायात गोळे येतात, पण उठून आल्यावर बहुतेक स्त्रियांना पुन्हा डोळा लागतो आणि दुपारी आडवे व्हायला मिळाले तर ती झोप भरून निघते. ही स्त्री पहाटे साडेतीन-चारला जागी होत होती, लघवीची भावना नसताना. त्यानंतर उजाडेपर्यंत ती छताकडे पाहत पडून राहत असे आणि दुपारी घर शांत असतानाही तिला झोप येत नसे. थकव्याचेही तसेच होते. विश्रांतीने उतरणारा थकवा शरीराचा असतो. तिचा थकवा सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असे आणि संध्याकाळी थोडा कमी होत असे. जेवणाबद्दल तिचे म्हणणे असे होते की मळमळ नाही, जळजळ आता थांबली आहे, पण घास तोंडात फिरतो आणि चव कळत नाही.

चिंतेच्या बाबतीत फरक आणखी बारीक आहे. आधी गर्भ गमावलेल्या स्त्रीला पुढच्या खेपेला भीती वाटणारच आणि 21 वा आठवडा जवळ येईल तशी ती वाढणार, यात आजार काही नाही. अशी साधी भीती पुराव्याने कमी होते. सोनोग्राफीत ठोके दिसले, डॉक्टरांनी सगळे ठीक आहे म्हटले, की पुढचे काही दिवस तरी बरे जातात, आणि तो आठवडा पार पडला की मन बरेच सैल होते. घरातले सगळे त्याच दिवसाची वाट पाहत होते. तो आठवडा गेला आणि तिची भीती मात्र वाढली. सोनोग्राफीने मिळालेला धीर जेमतेम एक रात्र टिकत असे. बाळाची हालचाल ती दिवसभर मोजत होती, वर्गात शिकवतानाही एक हात पोटावर असे, आणि हालचाल थोडी मंद वाटली की घशाला कोरड पडून श्वास अपुरा वाटू लागे. बावीस ते पंचवीस या चार आठवड्यांत तिने स्वतःच्या पैशाने दुसऱ्या एका केंद्रात दोनदा जास्तीची सोनोग्राफी करून घेतली आणि ती घरी सांगितली नाही. दिलासा मिळूनही न ओसरणारी आणि दिलाशाची गरज वाढवत नेणारी भीती ही उपचार लागणारी भीती समजावी, असे माझे मत आहे. भीती किती मोठी आहे यापेक्षा ती दिलाशाला कसा प्रतिसाद देते हे पाहणे जास्त उपयोगी पडते.

या प्रकरणातले आणखी एक लक्षण आपल्याकडचे म्हणून वेगळे सांगायला हवे. सासूबाईंनी मायेने तिला गर्भसंस्काराचे पुस्तक आणून दिले होते. चांगले वाच, चांगले ऐक, मनात वाईट आणू नकोस, आईच्या मनातले सगळे बाळाला कळते, असे तिला रोज सांगितले जाई. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो आणि निरोगी मनाच्या स्त्रीला त्याचा त्रासही होत नाही. पण जिच्या मनात आपोआपच वाईट विचार येत आहेत तिच्या कानावर हे पडते तेव्हा त्याचा अर्थ असा होतो की मीच माझ्या बाळाला इजा करते आहे. या स्त्रीने पुढे डॉक्टरांना सांगितले की मागचे बाळही आपल्या विचारांमुळेच गेले असावे, अशी तिची खात्री होत चालली होती. मनात उदासी आहे हे कबूल करणे म्हणजे तिच्या दृष्टीने गुन्ह्याची कबुली होती. तक्रारी धडधडीच्या आणि पित्ताच्या रूपात का येत राहिल्या, याचे कारण मुख्यतः हेच होते. धडधड सांगायला लाज वाटत नाही.

डोहाळजेवण नको, असे तिने पंचविसाव्या आठवड्यात सांगितले तेव्हा मागच्या अनुभवामुळे ती सावध आहे असे सर्वांना वाटले. फक्त जावेच्या लक्षात आले की तिने बाळासाठी एक झबलेही घेऊ दिले नाही आणि बाळाबद्दल बोलताना ती ‘झाले तर’ असेच म्हणते. जावेने ही गोष्ट आशाताईंच्या कानावर घातली.

पहिला प्रयत्न का फसला

आशाताईंच्या सांगण्यावरून ती सव्विसाव्या आठवड्यात ठरलेल्या तारखेआधीच दवाखान्यात गेली, सासूबाई सोबत होत्या. रक्तदाब, वजन, पोटाची तपासणी आणि ठोके हे सगळे झाल्यावर, गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता ती म्हणाली, “मॅडम, मला हल्ली बरं वाटत नाही.” बाहेर साठ-सत्तर बायका बसलेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “या दिवसांत असं होतंच हो. खा, प्या, आनंदात राहा.” सासूबाईंनी मान डोलावली आणि विषय संपला.

डॉक्टरांना इथे दोष देणे सोपे आहे. पण ‘बरं वाटत नाही’ या शब्दांत मळमळीपासून मरणाच्या विचारापर्यंत काहीही बसते. ते शेवटी, उभ्याने आणि सासूसमोर बोलले गेले, तेव्हा ऐकणाऱ्याने त्याचा सर्वांत सौम्य अर्थ घेतला. ‘टेन्शन येतं’ या शब्दाचेही हेच होते. तो इतका सरसकट वापरला जातो की त्यावरून पुढचा प्रश्न विचारावा असे कोणाला सुचत नाही.

दुसरा प्रयत्न

चार दिवसांनी ती पुन्हा गेली. मधल्या काळात आशाताईंनी तिच्याकडून एका वहीच्या पानावर काही ओळी लिहून घेतल्या होत्या. ते पान इथे जसेच्या तसे देण्यासारखे आहे, कारण त्याची रचना कोणालाही वापरता येईल.

‘दोन महिन्यांपासून रोज सकाळी उदास वाटते. आठवड्यातून एखादा दिवसच बरा जातो. पहाटे चारला जाग येते, परत झोप नाही. शाळेत वह्या तपासून होत नाहीत, पूर्वी एका बैठकीत व्हायच्या. टीव्ही, फोन, कशातच मन लागत नाही. बाळाला काहीतरी होणार असे दिवसभर वाटते, सोनोग्राफी नीट आली तरी. मागचे बाळ माझ्यामुळे गेले असे वाटते. कधी कधी वाटते की झोपले ते उठूच नये. हे घरात कोणाला माहीत नाही. मला मॅडमशी एकटीने बोलायचे आहे.’

या पानात चार गोष्टी आल्या आहेत : कधीपासून आणि आठवड्यातले किती दिवस, रोजच्या कामातले नेमके काय थांबले, मनात कोणते विचार येतात, आणि डॉक्टरांकडून आत्ता काय हवे आहे. पहिली गोष्ट महत्त्वाची असण्याचे कारण असे की सलग दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे ही नैराश्याच्या निदानाची किमान अट आहे. डॉक्टर मनातल्या मनात तेच मोजत असतात आणि ते आयते मिळाले तर संभाषण लगेच पुढे सरकते. दुसरीवरून तीव्रता कळते. ‘खूप वाईट वाटते’ यापेक्षा ‘वह्या तपासून होत नाहीत’ हे वाक्य डॉक्टरांना जास्त सांगते. तिसरी सांगायला सर्वांत अवघड, म्हणूनच ती लिहून नेणे बरे.

पान तिने केसपेपरच्या वर ठेवले आणि रक्तदाब घेणाऱ्या सिस्टरच्या हाती दिले, त्यामुळे तपासणी सुरू होण्याआधीच ते डॉक्टरांच्या नजरेखालून गेले. सासूबाईंना बाहेर बसवणे हा नाजूक भाग होता. डॉक्टरांनी तो नेहमीच्या पद्धतीने सोडवला : “आतली तपासणी करायची आहे, आई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा.” स्त्रीने स्वतः सोबतच्या माणसाला बाहेर जायला सांगावे अशी अपेक्षा ठेवणे आपल्या घरांत व्यवहार्य नसते. ते काम दवाखान्याने आपल्याकडे घ्यावे, आणि घेतले जात नसेल तर सिस्टरला आधी हळूच सांगून ठेवावे.

एकांतात गेल्यावर डॉक्टरांनी जे विचारले त्यात घरातली मारहाण, पैशाची तंगी आणि मुलगाच हवा असा आग्रह यांबद्दलचे प्रश्नही होते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के माता नैराश्यात आढळल्या होत्या आणि गरिबी, नवऱ्याकडून होणारी हिंसा व मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला होता. त्याच अभ्यासातली अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की नैराश्य आढळलेल्या मातांपैकी 78 टक्के स्त्रियांना मानसिक त्रास गरोदरपणातच होता. बाळंतपणानंतरचे म्हणून ओळखले जाणारे नैराश्य पुष्कळदा आधीच सुरू झालेले असते, ते नंतर दिसते इतकेच. या स्त्रीने या तिन्ही प्रश्नांना नाही म्हटले आणि तिच्या उत्तरांत अडखळणे नव्हते.

प्रश्नावली आणि तिचे वाचन

डॉक्टरांनी एडिंबरो प्रश्नावलीचे मराठी रूप वापरले. 1987 साली ब्रिटनमध्ये बाळंतिणींमधील नैराश्य ओळखण्यासाठी तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी गरोदरपणातही वापरतात. मागच्या सात दिवसांबद्दल प्रश्न असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30. तिचा मुख्य गुण असा की थकवा, भूक, वजन यांविषयी ती विचारतच नाही. झोपेविषयी एक प्रश्न आहे, पण तोही ‘दुःखामुळे झोप लागणे कठीण झाले का’ असा; पोट वाढल्यामुळे झोप गेली असेल तर त्याला गुण मिळत नाहीत. शारीरिक लक्षणांचे धुके त्यामुळे बरेचसे बाजूला होते.

या स्त्रीला 19 गुण पडले. सामान्यतः 13 किंवा त्याहून जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी करतात. पण नुसत्या बेरजेवर थांबणे योग्य नाही. स्वतःला विनाकारण दोष देणे, कारण नसताना काळजी वाटणे आणि घाबरून जाणे हे तिसरा, चौथा व पाचवा प्रश्न चिंतेचे आहेत. त्यांत तिला 9 पैकी 8 गुण होते, म्हणजे नैराश्याबरोबर चिंतेचा भार मोठा होता आणि फक्त उदासीवर बोलून भागणार नव्हते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे तिने ‘क्वचित’ या उत्तरावर खूण केली होती, गुण एक. एकूण गुण पाच असोत की पंचवीस, या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर त्याच बैठकीत त्यावर बोलावे लागते.

प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हेही सांगायला हवे. कमी शिकलेल्या स्त्रीला चार पर्यायांतला फरक वाचून दाखवताना प्रश्नाचा अर्थ बदलू शकतो, आणि शेजारी घरचे माणूस उभे असेल तर गुण कमी येऊ शकतात.

मरणाच्या विचाराबद्दलचे संभाषण

पुष्कळ डॉक्टरांना आणि घरच्यांनाही वाटते की हा विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखे होईल. तसे होत नाही. स्पष्ट विचारल्याने स्त्रीला बहुधा सुटल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी पायरीपायरीने विचारले : “झोपेतून उठू नये असं वाटतं, म्हणजे मरण यावं असं वाटतं की स्वतःचं काही बरंवाईट करावं असंही मनात येतं?” तिने सांगितले की दोनदा दुसराही विचार आला होता. कसे, हे ठरवले होते का? नाही. पूर्वी कधी प्रयत्न? नाही. कशामुळे थांबलात? पोटात बाळ आहे म्हणून. घरात औषध कुठे असते?

हा शेवटचा प्रश्न द्राक्षपट्ट्यात विचारलाच पाहिजे. ‘औषध’ म्हणजे इथे फवारणीचे. ते घराच्या मागच्या खोलीत, कुलूप न लावता ठेवलेले होते. क्षणिक आवेगात केलेला प्रयत्न प्राणघातक ठरतो की नाही हे हाताशी काय आहे त्यावर फार अवलंबून असते, आणि कीटकनाशक हाताशी असणे हा ग्रामीण महाराष्ट्रातला मोठा धोका आहे. त्याच दिवशी तिच्या संमतीने नवऱ्याला बोलावण्यात आले आणि फवारणीची औषधे मळ्यातल्या शेडमध्ये कुलपात ठेवण्याचे ठरले.

तिची एक भीती अशी होती की हे सांगितले तर पोलीस केस होईल. मनात विचार येणे हा कधीच गुन्हा नव्हता, आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार प्रत्यक्ष प्रयत्न केलेली व्यक्तीही तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. याच कायद्याच्या कलम 23 ने उपचारांबद्दलची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जीवाला धोका असेल तेव्हा मात्र डॉक्टर आवश्यक तेवढी माहिती जवळच्या माणसाला देऊ शकतात, हे त्यांनी तिला आधीच सांगितले, आणि नवऱ्याला काय सांगायचे, काय नाही, ते दोघींनी मिळून ठरवले. सासूबाईंना ‘झोप आणि धडधड यांवर उपचार सुरू आहेत’ एवढेच सांगायचे ठरले. मला ही तडजोड पटते. उपचार सुरू होण्यासाठी सगळ्या घराला सगळे समजण्याची गरज नसते.

ठरवलेली योजना असती, किंवा बाळाला इजा करण्याचे आदेश कानावर पडताहेत, कोणीतरी कट करते आहे, असे ती म्हणाली असती, तर तिला घरी न पाठवता त्याच दिवशी मानसोपचार विभागात दाखल करावे लागले असते. तसे नसल्याने तिला दुसऱ्या दिवशीची वेळ जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात घेऊन दिली आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक दिला. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.

उपचाराचा निर्णय

मानसोपचारतज्ज्ञांनी औषधाबद्दल बोलण्याआधी एक चौकशी केली जी अनेकदा राहून जाते : पूर्वी कधी सलग काही दिवस झोपेची गरजच वाटली नाही, अफाट उत्साह, भराभर बोलणे, वारेमाप खर्च असे झाले होते का, आणि आई, मावशी, भाऊ यांपैकी कोणाला तसा आजार आहे का. उत्तर होकारार्थी असेल तर आजार द्विध्रुवीय असण्याची शक्यता असते आणि नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्याने उन्माद उसळू शकतो. तिच्या बाबतीत तसे काही नव्हते. गावातल्या एका डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी तिने तीन-चार वेळाच घेतली होती, ती बंद करण्यात आली. रोज घेत असती तर एकदम बंद न करता हळूहळू कमी करावी लागली असती.

सौम्य त्रासात समुपदेशनापासून सुरुवात करतात. तिचा त्रास मध्यम ते तीव्र होता, काम थांबले होते, वजन वाढत नव्हते आणि मरणाचे विचार होते, म्हणून समुपदेशन आणि औषध दोन्ही सुचवले गेले. तिचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता : बाळाला काय होईल? तज्ज्ञांनी ‘काही होत नाही’ असे सांगितले नाही. सर्ट्रालिन हे नैराश्यविरोधी औषध आणि त्याच्या गटातली इतर औषधे गरोदरपणात बरीच वापरली आणि अभ्यासली गेली आहेत. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात आणि ती आता 27 व्या आठवड्यात होती, त्यामुळे व्यंगाचा प्रश्न तिच्यापुरता उरला नव्हता. शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर काही बाळे पहिले दोन-तीन दिवस किरकिरी, थरथरणारी किंवा दूध ओढायला मंद असू शकतात आणि बहुतेक वेळा हे आपोआप थांबते. फुप्फुसांतला रक्तदाब जास्त राहण्याचा एक दुर्मिळ पण गंभीर विकार हजार बाळांत सुमारे दोघांना होतो, औषधाने तो सुमारे तिघांपर्यंत जातो. दुसऱ्या पारड्यात उपचार न केलेल्या नैराश्याचा धोका होता : वेळेआधी प्रसूती व कमी वजन यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे, बाळंतपणानंतर तो वाढू शकतो, आणि या प्रकरणात तर आईच्या जीवाचाच प्रश्न होता. औषध घेणे आणि न घेणे या दोन्हींत धोका आहे, असे मोकळेपणाने सांगितल्यावर तिने एक दिवस मागून घेतला, नवऱ्याशी बोलली आणि होकार दिला.

सर्ट्रालिन सकाळी जेवणानंतर 25 मिलिग्रॅम, आठवड्याने 50 मिलिग्रॅम, अशी सुरुवात झाली. पहिले आठ-दहा दिवस मळमळ वाढेल आणि घबराट थोडी जास्तही वाटू शकेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, हे आधीच सांगितलेले होते. ते सांगितले नसते तर पाचव्या दिवशीच तिने गोळी सोडली असती, कारण मळमळ खरोखरच वाढली.

समुपदेशन आठवड्यातून एकदा होते आणि त्याचा पहिला भाग अगदी साधा होता. सुटलेल्या कामांपैकी एक छोटे काम ठरलेल्या वेळी करायचे, मन लागो न लागो. तिने संध्याकाळी जावेबरोबर मळ्यापर्यंत चालणे निवडले. हालचाल मोजणे बंद करायला कोणी सांगितले नाही, तसे सांगणे चुकीचे ठरले असते. जेवणानंतर ठरलेल्या एका तासातच मोजायचे, हालचाल खरोखर कमी झाली तर लगेच दवाखान्यात यायचे आणि एरवी हात पोटावरून काढायचा, असे ठरले. मागच्या बाळाबद्दल ती तिसऱ्या बैठकीत पहिल्यांदा बोलली. नवऱ्यालाही एका बैठकीला बोलावले होते. तोही त्या विषयावर दोन वर्षे गप्प होता आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तिने ‘यांनाही मीच दोषी वाटते’ असा लावला होता.

ज्या तालुक्यात समुपदेशक नाही तिथे हे काम प्रशिक्षित साध्या स्त्रियाही करू शकतात. गोव्यात गरोदर स्त्रियांसाठी तसा प्रयोग झाला, त्यात वस्तीतल्याच माता घरी जाऊन भेटत. त्यांना ‘सखी’ म्हणत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत फायदा दिसला तो माफक होता, आणि तीव्र नैराश्यात तेवढ्यावर विसंबता येत नाही.

पुढील प्रगती

दोन आठवड्यांनी दहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ झाले, एकूण गुण मात्र 16 होते. झोप आधी सुधारली, उदासी नंतर. तेहेतिसाव्या आठवड्यात गुण 12 आणि सदतिसाव्यात 7. वजन वाढू लागले. चौतिसाव्या आठवड्यात बरे वाटते म्हणून तिने स्वतःच गोळी सोडली आणि सहाव्या दिवशी चक्कर, चिडचिड व पहाटेची जाग परत आली. फोनवर विचारून तिने ती पुन्हा सुरू केली. सुधारणा झाल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवतात आणि बाळंतपणाच्या तोंडावर ते बंद करणे ही सर्वांत वाईट वेळ असते, हे चिठ्ठीवर लिहिलेले होते, पण तोंडी पुन्हा सांगितले गेले नव्हते.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती झाली. औषधाची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर आधीच असल्याने बाळ दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवण्यात आले; किंचित थरथर होती, ती दुसऱ्या दिवशी थांबली. सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरते, त्यामुळे स्तनपान चालू राहिले. माहेरी जाताना जिल्हा रुग्णालयाच्या कागदाची एक प्रत तिच्या आईकडे आणि एक तिथल्या आशाताईंकडे दिली गेली, कारण बाळंतपणासाठी माहेरी गेलेली स्त्री उपचाराच्या साखळीतून नेमकी याच वेळी निसटते. सहा आठवड्यांच्या लसीकरणाला आली तेव्हा प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. गुण 6 होते, दहावा प्रश्न शून्य. गोळी 50 मिलिग्रॅम चालू ठेवून पुढची भेट तीन महिन्यांनंतरची ठरली, आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर ‘पूर्वीचा गर्भपात : एक’ या ओळीखाली पुढच्या खेपेसाठी नोंद केली गेली : ‘गरोदरपणात नैराश्य व चिंता, उपचाराने सुधारणा, नोंदणीच्या पहिल्याच भेटीत मनःस्थितीची विचारणा करावी.’